लग्नघरात पिण्याचा आग्रह न दुखावता मोडणारा तरुण: ही कथा कशी लिहावी

या विषयावरच्या नव्या लेखकांच्या कथा वाचताना दोन प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतात. एका प्रकारात नायक दारूचे तोटे सांगतो, आग्रह करणारा मामा खाली मान घालतो आणि कथा संपते. दुसऱ्यात नायक ‘गोळ्या चालू आहेत’ अशी थाप मारून सुटतो. पहिल्यात मामाचा अपमान होतो, दुसऱ्यात नकार दिलाच जात नाही. न दुखावता नकार देणं हा कथेचा खरा विषय, तो दोन्हीकडे लिहायचाच राहून जातो.

म्हणून खाली एकच कथा पायरीपायरीने रचून दाखवतो. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळेच होतात. लेखक आधी संवाद लिहायला बसतो आणि माणसं नंतर शोधतो.

1. आधी आग्रहाची रीत नीट पाहा

पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन येतो. आपण पानावर आडवा हात धरतो. तो म्हणतो, ‘एक तरी!’ आपण म्हणतो, ‘बरं, अर्धी.’ अर्धी पडते, वाढणारा खूश, जेवणारा मोकळा. आपल्याकडे आग्रह मोडायची ही रूढ रीत आहे आणि तिच्यात दोघांचाही मान राहतो, कारण नकार तडजोडीवर संपतो.

पिण्याच्या आग्रहात नेमकी हीच वाट बंद असते. न पिणाऱ्याला ‘बरं, अर्धा’ म्हणता येत नाही. अर्धा घेतला की घेतलाच, आणि पुढच्या प्रत्येक लग्नात तो घेणारा म्हणूनच धरला जातो. म्हणजे तुमच्या नायकाला घरात शिकवलेली नकाराची रीत इथे कामाची नाही, आणि दुसरी त्याला कोणी शिकवलेली नाही. कथेचा पेच हा आहे. दारू वाईट की चांगली, हा नाही.

यातून उपायही निघतो. पेल्यात तडजोड होत नसेल, तर ती दुसरीकडे करावी लागेल. आग्रह करणाऱ्याला जे हवं असतं ते सहसा पेल्यात नसतंच. ‘पोरगा आपला आहे, आपल्यात बसतो, आपला शब्द ठेवतो’ एवढं त्याला सगळ्यांसमोर दिसायला हवं असतं. नायकाने पेला नाकारायचा आणि हे मात्र द्यायचं.

*तपासा:* तुमच्या कथेत आग्रह करणाऱ्याला नक्की काय हवं आहे, ते ‘दारू’ हा शब्द न वापरता एका वाक्यात लिहून पाहा. लिहिता आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

2. जागा आणि वेळ ठरवा

इथे एक ढोबळ चूक होते: पंगतीतच बाटल्या दाखवल्या जातात. पुण्यातल्या मध्यमवर्गीय लग्नात ताटाशेजारी दारू नसते. ती वरच्या मजल्यावर जानोशाच्या खोलीत असते, नाहीतर पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत. घरातल्या बायकांना ठाऊक असतं, पण त्या तो विषय काढत नाहीत. दारू अशी आडोशाला असते, म्हणून खोलीत बोलावलं जाणं हाच एक मान ठरतो: ‘चल रे वर, तू आता मोठा झालास.’

आपल्या कथेसाठी डीपी रोडवरचं, म्हात्रे पूल आणि राजाराम पूल यांच्या मधलं एखादं लॉन घ्या. त्याचं नाव देऊ नका. वेळ लग्नाच्या आदल्या संध्याकाळची. सीमांतपूजन झालंय, जेवणाला अजून पाऊण तास आहे. ही वेळ घ्यायचं कारण असं की खोलीतला प्रसंग संपवायला तुम्हाला बाहेरून काहीतरी लागणार आहे, आणि ‘पानं मांडलीत, चला’ ही हाक ते काम आपोआप करते. शिवाय लग्न उद्या आहे. आज कोणी रुसलं, तर उद्या मुहूर्ताला ते रुसलेलं तोंड मांडवात दिसणार.

खोली मोठी करू नका. दोन पलंग, एका पलंगावर अहेराच्या साड्यांचे गठ्ठे, खिडकीत वाळत टाकलेला टॉवेल. टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून त्यावर फरसाण, खारे दाणे, काकडी. दाराशी एक चुलतभाऊ, आत्या जिन्यावर दिसली तर खोकायला बसवलेला.

3. चारच माणसं, आणि प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं

निखिल हा नवरीचा धाकटा भाऊ. वय 26. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी कायद्याने 25 वर्षं पूर्ण लागतात, बिअर आणि वाइनसाठी 21. नायक बावीसचा ठेवलात, तर जाणकार वाचक कायद्यात अडकेल आणि नायकालाही ती आयती पळवाट मिळेल. सव्वीसच्या मुलाला असं काहीच मिळत नाही. त्याला घ्यायची नाही, एवढंच.

मामा. उद्या बोहल्यावर नवरीला आणायचा मान त्याचा. त्याने निखिलची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली होती, आणि ती गोष्ट तो कधी काढत नाही. त्याने काढायची नाही, निखिलने विसरायची नाही. हे कथेत एकदाच आणि ओझरतं येऊ द्या.

दाजी, म्हणजे चुलतबहिणीचा नवरा. चेष्टेखोर, मनाने वाईट नाही. स्वतः दोन वर्षांपूर्वी अशाच खोलीत पहिल्यांदा भिडेखातर घेतली होती. हे वाचकाला सांगू नका, तुम्हाला माहीत असू द्या. त्याच्या चेष्टेला त्यामुळे धार येते.

नवऱ्या मुलाचे काका. बाटली त्यांची आहे, विमानतळावरून आणलेली, पिशवीतून जपून काढलेली. ते व्याह्यांकडचे. सगळा धोका इथे आहे. मामाला एकट्यात ‘नको’ म्हणणं सोपं असतं. तिसरा माणूस बघत असतो तेव्हाच नकार मनाला लागतो, आणि हा तिसरा तर ताईच्या सासरचा.

*सावधान:* यांच्यापैकी कोणालाही खलनायक करू नका. मामा दारुडा असेल तर निखिलचा नकार सोपा होतो आणि कथा पडते. मामा असा हवा की वाचकालाही त्याचं मन मोडवू नये.

बोलण्याचे मान आत्ताच ठरवा. मामाला ‘तू’, दाजींना ‘तुम्ही’, काकांना ‘तुम्ही’ आणि वाक्यात ‘हो’. निखिल मामाला ‘तुम्ही’ म्हणाला, की फी भरणारा मामा लगेच परका वाटतो.

4. नायकाच्या सगळ्या सबबी काढून घ्या

संवाद लिहिण्याआधी सबबींची यादी करा आणि प्रत्येकीला खोलीतून काय उत्तर येईल ते लिहा. ‘गोळ्या चालू आहेत’ म्हटलं की ‘कसल्या?’ आणि मग आजार सांगावा लागतो, तो रात्रीत आईपर्यंत पोचतो. ‘गाडी चालवायची आहे’ म्हटलं की ‘ड्रायव्हर आहे, चावी दे इकडे.’ ‘आज गुरुवार’ म्हटलं की कोणीतरी मोबाइलवर वार बघतो. श्रावणाची सबब तर मिळतच नाही, कारण चातुर्मासात आपल्याकडे सहसा लग्नं काढत नाहीत.

सबबीत एक दोष असतो. सबब म्हणजे सोडवायला दिलेली अडचण, आणि लग्नघरातली माणसं अडचणी सोडवण्यात पटाईत असतात. ती सुटली की नायकाकडे काही उरत नाही. वर पुढच्या लग्नात तीच सबब पुन्हा तयार ठेवावी लागते.

एक कारण मात्र कोणी सोडवत नाही: गळ्यातली तुळशीची माळ. माळकऱ्याला सहसा कोणी आग्रह करत नाही, आणि केलाच तर खोलीतलाच कोणीतरी त्याला गप्प करतो. म्हणून निखिलच्या गळ्यात माळ घालू नका. कथा पहिल्याच ओळीत संपेल.

मग निखिलला का नको आहे? माझं मत स्पष्ट आहे: कारण देऊ नका. ‘मी घेत नाही’ एवढंच. बाप दारूने गेला वगैरे इतिहास जोडलात, तर बाकीच्या सगळ्या न पिणाऱ्यांना नकार द्यायला एखादी शोकांतिका लागते असा अर्थ निघतो. शिवाय खोलीत ते दुःख बाहेर काढणं म्हणजे मामाला सगळ्यांसमोर गुन्हेगार ठरवणंच.

5. खोलीतला प्रसंग: आग्रहाच्या तीन फेऱ्या

कथेचा निम्म्याहून अधिक भाग इथे खर्च करा. अठराशे शब्दांची कथा असेल, तर हजार शब्द या खोलीत जावेत. प्रत्येक फेरीत आग्रहाचं कारण बदललं पाहिजे. तोच आग्रह तीनदा मोठ्या आवाजात केला, तर त्या तीन फेऱ्या होत नाहीत.

*फेरीआधी: हात.* निखिल आत येतो तेव्हा त्याच्या हातात काय आहे ते ठरवा. लग्नघरात रिकाम्या हातात पेला येतोच. आपण त्याच्या हातात कांदा आणि सुरी देऊ. मामाच म्हणतो, ‘आलास? बस, हा कांदा चीर.’ आता तो खोलीतला आहे, कामाचा आहे, आणि त्याचे दोन्ही हात गुंतले आहेत. पलंगावर टेकून कांदा चिरणारा मुलगा दारातून ‘नको नको’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा फार वेगळा दिसतो.

*पहिली फेरी, प्रेमाची.* मामा पेले मांडतो. तो कसा ओततो ते दाखवा: बाटली तिरपी, बोट पेल्याला आडवं लावून माप, मग सोडा. पहिला पेला उचलल्यावर तो बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवतो. अशी एखादी कृती जवळून दाखवली की खोली उभी राहते. सगळ्यांच्या सगळ्या लकबी लिहू नका. मग चौथा पेला निखिलकडे सरकतो. काका अजून हात धुवायला गेलेले आहेत. ही वेळ मुद्दाम ठेवा.

‘मामा, मी घेत नाही.’

‘थोडीच. ताईचं लग्न आहे.’

‘म्हणून तर इथे बसलोय तुझ्यापाशी. मला सोडा दे नुसता.’

इथे तीन गोष्टी झाल्या. नकार सरळ आहे. ‘आज नको’ असं तो म्हणत नाही, कारण ‘आज’ म्हटलं की उद्याचं निमंत्रण ठरतं. मामाजवळ बसण्याचं तो मोकळेपणी कबूल करतो. आणि मामाच्याच हातून काहीतरी मागून घेतो. मामाने ओतलं आणि भाच्याने घेतलं, एवढं घडलंच. मामा सोडा देतो, पण चौथा पेला उचलत नाही. तो तिथेच भरलेला राहू द्या.

*दुसरी फेरी, चेष्टेची.* दाजी म्हणतात, ‘आईला विचारून ये रे!’ हशा पिकतो. नवे लेखक इथे निखिलच्या तोंडी सडेतोड उत्तर घालतात आणि टाळ्यांची वाट बघतात. घालू नका. चेष्टेला उत्तर दिलं की सामना सुरू होतो, आणि सामन्यात कोणीतरी हरावं लागतं. निखिलनेही हसावं, आणि चिरलेल्या कांद्यावर लिंबू पिळून ताटली आधी दाजींपुढे करावी. ‘दाजी, तिखट बघा बरोबर आहे का.’ दाजी चव बघतात. चेष्टा तिथेच विरते.

*तिसरी फेरी, मानाची.* काका टॉवेलने हात पुसत येतात. टीपॉयवर दोन भरलेले पेले, त्यांतला एक त्यांचा. ते मोजतात. ‘हा कोणाचा?’ कोणी बोलत नाही. मग निखिलकडे बघून:

‘का हो, आमच्याकडचं चालत नाही वाटतं?’

कथेतलं सगळ्यात जड वाक्य हे. यात दारूचा प्रश्न संपला आणि दोन घरांचा सुरू झाला. निखिलच्या मनात ताई येते. ‘त्याच्या मनात ताई आली’ असं मात्र लिहू नका. खालून हॉलमधून तिच्या हसण्याचा आवाज येऊ द्या, तेवढं पुरे.

निखिल उभा राहतो. मोठ्यांशी बोलायला उठून उभं राहणं हाच अर्धा मान झाला.

‘काका, तुमच्याकडचं का नाही हो चालणार? आत्ता पंगतीत मला तुम्हीच वाढा, तुमच्या हातची जिलेबी खाल्ल्याशिवाय उठणार नाही. फक्त ही मी घेत नाही, कोणाकडचीच.’

‘कोणाकडचीच’ या शब्दावर नकार उभा आहे. त्याने नकार काकांवरून उचलून सगळ्या जगावर सारखा ठेवला. आधीच्या वाक्यात काकांना यजमानाचं काम दिलं. पण हे वाक्य कितीही चांगलं असलं, तरी प्रसंग त्याच्यावर संपवू नका. नायकाच्या हुशार वाक्याने पेच सुटला, तर मामा नुसता प्रेक्षक राहतो.

काका काही बोलत नाहीत. क्षणभर खोली अडकलेली राहू द्या. मग मामा तो चौथा पेला उचलतो आणि आपल्या पेल्यात रिकामा करतो.

‘अहो, हा आमचा ड्रायव्हर आहे आज. मला घरी कोण नेणार?’

हे खोटं आहे. मामाचं असं काही ठरलेलं नव्हतं. निखिलने जी सबब स्वतःसाठी वापरली नाही, ती मामा त्याच्यासाठी वापरतो. काकांना ती पटते, कारण पुण्यात रात्री नाकाबंदी असू शकते आणि 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हा आकडा कथेत आणू नका. ‘हो, पूल ओलांडला की थांबवतातच’ एवढं काका म्हणाले की झालं.

*तपासा:* आग्रह कोणी थांबवला? उत्तर ‘आग्रह सुरू करणाऱ्यानेच’ असं यायला हवं. आणि तो का थांबवतो? पहिल्या फेरीत, काका नसताना, भाच्याने त्याला खरं सांगितलं होतं म्हणून. ती फेरी काकांसमोर लिहिली असेल, तर मामाला बाजू घेण्याइतका अवधीच मिळत नाही. मागे जाऊन दुरुस्त करा.

*सावधान:* निखिलने मामाच्या खोट्यावर काही बोलू नये. आभारही मानू नयेत. त्याने गाडीची चावी खिशातून काढून टीपॉयवर ठेवावी. आता त्याला खरंच मामाला घरी सोडावं लागणार आहे.

6. पंगत

खालून हाक येते: ‘पानं मांडलीत!’ पिशवी पलंगाखाली जाते, तोंडात बडीशेप जाते, दाराशी बसलेला चुलतभाऊ सगळ्यात आधी जिना उतरतो.

हा भाग छोटा ठेवा, तीनशे शब्द. काका खरोखर वाढायला येतात. निखिल शब्द पाळतो, पण इथे अतिरेकाची भुरळ पडते आणि लेखक त्याला दहा जिलेब्या खायला लावतात, म्हणजे नकाराचा दंड भरल्यासारखं होतं. तीन पुरेत. तिसरीला तो पानावर आडवा हात धरतो, काका म्हणतात ‘एक तरी’, आणि तो म्हणतो, ‘बरं, अर्धी.’ काका अर्धी मोडून वाढतात, उरलेली अर्धी शेजारच्या मामाच्या पानात टाकतात.

इथे कोणी दारूबद्दल बोलत नाही. काकांचं मन वळलं, त्यांनीही सोडायचं ठरवलं, असलं काही लिहू नका. काका रात्री पुन्हा वर जाऊन बसतील. निखिलला नकार द्यायचा होता, कोणाला सुधारायचं नव्हतं.

7. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहा

खोली आणि पंगत लिहून झाल्यावरच कळतं की सुरुवातीला काय पेरायला हवं होतं. आपल्या कथेला तीनच गोष्टी लागतात. मामाने भरलेली फी, एका वाक्यात. गाडीची चावी निखिलच्या खिशात कशी आली: तो संध्याकाळी हार आणायला मंडईत गेला होता, हे पुरेसं. आणि ताईचं हसणं एकदा आधी ऐकू यायला हवं, नाहीतर तिसऱ्या फेरीत तो आवाज कोणाचा ते वाचकाला कळणार नाही.

लग्नाचं वर्णन, रोषणाई, सनई, नटलेल्या बायका, यात पान घालवू नका. मंडईतून आलेला निखिल हाराची पिशवी खाली ठेवतो आणि जिन्यावरून मामा हाक मारतो, इथून सुरू करा.

8. संवाद मोठ्याने वाचून घ्या

निखिलची सगळी वाक्यं एका कागदावर वेगळी उतरवा आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला, शक्यतो खऱ्या मामाला किंवा काकांना, वाचून दाखवा. कथा सांगू नका, फक्त वाक्यं. त्यांना विचारा: ‘हे तुम्हाला कोणी म्हटलं असतं, तर राग आला असता का?’ ज्या वाक्यावर ते किंचित थांबतील, ते बदला. सहसा दोन दोष सापडतात. एक म्हणजे ‘तत्त्व’, ‘निर्णय’, ‘आदर करा’ असे शब्द: खोलीत कांदा चिरणारा मुलगा असं बोलत नाही. दुसरं म्हणजे लांबी. नकाराचं वाक्य फेरीगणिक वाढत गेलं असेल, तर नायक घाबरलाय आणि सफाई देतोय असा अर्थ होतो. फक्त काकांना दिलेलं उत्तर लांब चालेल, कारण त्यातला बराचसा भाग नकाराचा नाहीच, जिलेबीचा आहे.

मग मामाची वाक्यं तशीच वाचा. त्यात एकदाही निखिलचा राग आलेला दिसत नसेल, तर एक ओळ घाला. पहिल्या फेरीत सोडा देताना मामाने त्याच्याकडे न बघता द्यावा. पेला उचलेपर्यंत त्याचं मन थोडं खट्टू राहिलंच पाहिजे.